अमेरिकेतून आलेला टीव्ही आणि शून्य चॅनल

वरुड तालुक्यातल्या एका गावी ४३ इंची टीव्ही आला होता. न्यू जर्सीहून परतलेल्या मुलानं घरच्या सामानासोबत आणलेला, खोका न फाटलेला, पडदा शाबूत. आम्ही पोचलो तेव्हा घरच्यांनी एका वाक्यात तक्रार सांगितली, "भाऊ, टीव्ही तं लागते, पन चॅनल एकबी नाई येत." ऑटो स्कॅन चार वेळा करून झाला होता. दर वेळी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जायची आणि खाली आकडा यायचा, `0 channels found`. मध्ये कुणीतरी सांगितलं की ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला चॅनल पकडणारा भाग, खराब आहे, बोर्ड बदलावा लागेल. तो बोर्ड बदलायच्या आधी आम्हाला बोलावलं, हे बरं झालं.

त्या टीव्हीचा ट्यूनर खराब नव्हता. अमेरिकेत तो व्यवस्थित चालला असता. बाहेरून आणलेल्या टीव्हीचं काम घेताना पहिली चूक इथंच होते. शून्य चॅनल म्हणजे बिघाड असं धरून माणूस टीव्ही उघडतो, आणि नसलेला बिघाड शोधता शोधता खरा बिघाड तयार करून ठेवतो.

स्कॅन चालू असतो तेव्हा टीव्ही काय करतो ते आधी बघू. अँटेनाच्या सॉकेटमधून येणाऱ्या लहरींत तो ठरावीक जागांवर थांबतो आणि ओळखीचा सिग्नल आहे का ते तपासतो. अमेरिकेत एका चॅनलला ६ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा मिळते. आपल्याकडे व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यात ७ आणि यूएचएफ या वरच्या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झ. त्यामुळे यूएचएफ पट्टा दोन्हीकडे ४७० मेगाहर्ट्झपासूनच सुरू होत असला तरी तिकडचं पहिलं चॅनल ४७६ ला संपतं आणि आपलं ४७८ ला. पुढं प्रत्येक चॅनलमागं हे अंतर वाढत जातं. म्हणजे तो टीव्ही आपल्या चॅनलच्या दारावर थांबतच नाही, बहुतेक वेळा दोन घरांच्या मधल्या भिंतीसमोर उभा राहतो.

समजा एखाद्या ठिकाणी जागा जुळली, तरी भाषा जुळत नाही. अमेरिकी हवाई प्रसारणाला एटीएससी म्हणतात आणि त्यातली मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याची, पद्धत ८-व्हीएसबी आहे. आपल्या दूरदर्शननं डिजिटल हवाई प्रसारणासाठी डीव्हीबी-टी२ घेतलं, ते पूर्ण वेगळ्या रीतीनं, हजारो बारीक वाहक लहरींवर माहिती पसरवून चालतं. एक पद्धत उलगडणाऱ्या चिपला दुसरी उलगडता येत नाही. सेटिंगमध्ये देश बदलून हे जमत नाही, कारण ते हार्डवेअरच त्यात नसतं. सर्व्हिस मेन्यूत शिरून देशाचा कोड बदलण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यानं मेन्यूची भाषा आणि चॅनलची यादी बदलेल, चिप बदलणार नाही. आणि त्या मेन्यूत पॅनलचा प्रकार चुकून बदलला तर पडदा उलटा किंवा फाटलेला दिसू लागतो आणि परतीचा रस्ता सापडत नाही.

केबलचं दुखणं थोडं वेगळं आहे. घरच्यांनी जुन्या केबलची वायर टीव्हीत लावून मेन्यूत `Cable` निवडून पाहिलं होतं. डिजिटल केबल दोन्हीकडे क्यूएएम याच नावाच्या पद्धतीनं चालते, त्यामुळे माणसाला वाटतं की हे तरी लागेल. पण अमेरिकी केबलचा प्रकार अ‍ॅनेक्स बी आणि आपल्या डीव्हीबी-सी केबलचा अ‍ॅनेक्स ए. चुका दुरुस्त करण्याची गणितंच निराळी, म्हणून टीव्हीला सिग्नल पकडता येत नाही. त्यावर आणखी एक गोष्ट. केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग आला आणि त्याची शेवटची तारीख ३१ मार्च २०१७ होती. तेव्हापासून केबलवरची चॅनलं एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होऊनच येतात. ती तर नागपुरात घेतलेल्या टीव्हीतही बॉक्सशिवाय दिसत नाहीत.

एखादा स्थानिक केबलवाला स्वतःचं एखादं चॅनल अजून जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीनं सोडत असेल तर गंमत होते. आपलं अ‍ॅनालॉग पाल पद्धतीचं, ६२५ रेषांचं, आणि त्यात चित्राच्या वाहकापासून ५.५ मेगाहर्ट्झवर आवाज. अमेरिकी एनटीएससी ५२५ रेषांची, आवाज ४.५ वर. अशा टीव्हीवर कधी कधी काळंपांढरं, वरखाली पळणारं चित्र दिसतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. हे दिसलं की लोक आशेनं फाइन ट्यूनिंग करत बसतात. तिथं वेळ घालवू नये.

आता ट्यूनर बदलण्याबद्दल. टीव्हीचा मुख्य बोर्ड काढून बाजारात मिळणारा युनिव्हर्सल बोर्ड बसवता येतो, हे खरं आहे. फुल एचडी पॅनलला तो एलव्हीडीएस केबलनं जोडता येतो, पॅनलचा व्होल्टेज आणि केबलची मांडणी जुळवावी लागते. फोर-के पॅनलची जोडणी निराळी असते, तिथं हे साधे बोर्ड चालत नाहीत. बोर्ड बसला तरी स्मार्ट टीव्हीचं स्मार्टपण गेलं. आणि एवढं करून हाती काय येतं? भारतीय ट्यूनर. त्या ट्यूनरला पकडायला गावात आहे काय? दूरदर्शननं जुनी अ‍ॅनालॉग हवाई प्रक्षेपणं, सामरिक महत्त्वाच्या सुमारे ५० जागा सोडून, ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचं ठरवून ती गुंडाळली. डीव्हीबी-टी२ काही निवडक शहरांपुरतंच सुरू झालं. गच्चीवरची जुनी अँटेना आता कावळ्यांना बसायला आहे. म्हणजे हजारो रुपये घालून आपण रिकाम्या आभाळात ऐकणारा कान बसवणार. आम्ही हे काम घेत नाही.

मग मार्ग एकच. ट्यूनर विसरायचा आणि टीव्हीला नुसता पडदा समजायचं. चॅनल पकडायचं काम सेट-टॉप बॉक्स करेल आणि चित्र एचडीएमआयनं आत देईल. ऐकायला सोपं आहे, पण यात दोन ठिकाणी काम अडतं. एक वीज आणि दुसरं ५० हर्ट्झ.

वीज आधी. टीव्ही खोक्यातून काढला की प्लग हातात घ्यायच्या आधी मागचं लेबल वाचायचं. तिथं `AC 100-240V~ 50/60Hz` असेल तर सरळ आपल्या लाईनवर लावा, फक्त पिन बदलायची. तिथं `AC 120V~ 60Hz` असेल तर तो टीव्ही २३० व्होल्टवर एका क्षणात जातो. वरुडच्या या टीव्हीवर दुसरं होतं, पुढं `1.1A`. नशिबानं मुलानं सोबत ट्रान्सफॉर्मर आणला होता.

२३० व्होल्टवर नेमकं काय जळतं ते सांगतो, म्हणजे लेबल वाचायची सवय लागेल. आत येणारी एसी वीज आधी डीसी होते आणि तिचं शिखर एसीच्या १.४१ पट असतं. १२० व्होल्टचे साधारण १७० होतात, म्हणून तिकडच्या साध्या सप्लायमध्ये मोठा कपॅसिटर २०० व्होल्टचा बसवलेला असतो. २३० चे होतात ३२५. दोनशेच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे पडले की तो फुगतो, वरची टोपी फाटते, खोलीत जळका वास पसरतो. सप्लाय नीट बनवलेला असेल तर त्याआधी तोंडाशी असलेला चपटा गोल व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. तेवढ्यावर निभावलं तर फ्यूज आणि व्हॅरिस्टर त्याच नंबरचे टाकून टीव्ही उठतो. व्हॅरिस्टर मिळत नाही म्हणून आपल्याकडचा जास्त व्होल्टचा टाकू नका, तो पुढच्या वेळी वाचवणार नाही.

फसगतीची एक जागा आहे. अमेरिकी प्लगच्या दोन चपट्या पिना आपल्याकडच्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात आरामात बसतात. ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर तर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. म्हणून आम्ही टीव्हीची वायर ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला स्क्रूनं कायमची बांधून टाकतो. झाडझूड करताना कुणी प्लग काढून बोर्डात घातला, असा प्रसंगच येऊ द्यायचा नाही.

ट्रान्सफॉर्मर किती मोठा? लेबलवर १२० व्होल्ट आणि १.१ अँपिअर, म्हणजे १३२ व्हीए. एवढाच घेतला तर तो तापेल, कारण टीव्हीचा सप्लाय वीज सलग ओढत नाही, लाटेच्या टोकाला झटक्यानं ओढतो. दुपटीच्या वर घ्यावा. इथं ३०० व्हीएचा होता, तो पुरला. तासभर टीव्ही चालवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवायचा. कोमट असला तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर वरचा आकडा खोटा आहे, स्वस्त मालावर असे आकडे छापलेले असतात. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी जो हलका, मुठीत मावणारा १६०० वॅटचा कन्व्हर्टर विकतात तो टीव्हीला कधीही लावू नये. तो व्होल्टेज कमी करत नाही, लाटेचे तुकडे पाडतो. हीटरला चालतं, इलेक्ट्रॉनिक सप्लायला नाही. वजन हीच खूण समजा, लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर हातात जड लागतो.

आता आपल्याकडची खरी अडचण. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सरळ प्रमाणात कमी करतो, सुधारत नाही. वरून वाईट आलं तर खालीही वाईटच. संत्र्याच्या बागांना पाणी सुरू असलं की या भागात लाईन खाली बसते, आणि रात्री मोटारी बंद झाल्या की वर उडते. आम्ही त्या घरी मीटर लावून तीन वेळा मोजलं. सकाळी लाईन २३६ होती, ट्रान्सफॉर्मरमधून ११३ निघत होते, टीव्ही मस्त. संध्याकाळी मोटारी सुरू असताना लाईन १७८, खाली ८५. टीव्ही सुरू व्हायचा, कंपनीचं चिन्ह यायचं आणि लगेच बंद, पुन्हा चिन्ह, पुन्हा बंद. हेच पाहून आधीच्या माणसानं बोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. रात्री अकराच्या सुमारास लाईन २५८, खाली १२३. हे अजून चालण्यासारखं आहे, पण लाईन २७५ वर गेली तर खाली १३१ येतात आणि मग आपण काठावर उभे असतो.

म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर, मग टीव्ही. क्रम उलटा लावू नका, आपला स्टॅबिलायझर २३० साठी बनलेला आहे, त्याला ११० दिले तर तो कमी व्होल्टेज समजून आउटपुटच तोडेल. १३० ते २९० पर्यंत सांभाळणारा साधा रिले-स्टॅबिलायझर पुरतो. तो बाहेर २०० ते २४० च्या दरम्यान देतो, म्हणजे टीव्हीला ९६ ते ११५ मिळतात. तेवढ्यात १२० चा टीव्ही खुशाल चालतो. सेट-टॉप बॉक्स मात्र ट्रान्सफॉर्मरवर घ्यायची गरज नाही, तो आपल्या २३० च्याच सॉकेटमध्ये.

५० आणि ६० हर्ट्झचं काय, असा प्रश्न हमखास येतो. विजेच्या ५० हर्ट्झचा या टीव्हीला काही फरक पडत नाही, कारण आत पहिल्या पायरीलाच तिची डीसी होते. ट्रान्सफॉर्मर मात्र ६० साठी आखलेला असेल तर ५० वर जास्त तापतो, त्यामुळे तो इथलाच घेतलेला बरा. खरा ५०-६० चा घोळ चित्रात आहे.

घरी आधीपासून डीडी फ्री डिश होती. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली, आता तिचं प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून होतं. वरुडहून तो उपग्रह आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर दिसतो. तबकडी आधीच नीट लागलेली होती, शेजारच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर सगळी चॅनलं येत होती. म्हणजे तबकडी, तिच्या तोंडाशी सिग्नल घेणारा एलएनबी, वायर आणि बॉक्स यांच्यावर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. तोच बॉक्स उचलून नव्या टीव्हीला एचडीएमआयनं जोडला. पडदा काळा, वर अक्षरं, `Mode Not Supported`.

ही अक्षरं महत्त्वाची आहेत. `No Signal` आलं तर वायर, सॉकेट किंवा चुकीचं इनपुट बघायचं. पण `Mode Not Supported` किंवा `Invalid Format` आलं म्हणजे सिग्नल पोचला आहे, टीव्हीला तो घ्यायचा नाही. आपल्याकडं चित्र सेकंदाला ५० या हिशोबानं येतं, बॉक्स ते `1080i 50Hz` असं बाहेर टाकतो. अमेरिकेत हा हिशोब ६० चा. तिकडच्या बाजारासाठीच बनवलेले बरेच टीव्ही एचडीएमआयवर ५० घेतच नाहीत. मोठ्या कंपन्यांचे काही फोर-के टीव्ही मात्र माहितीपत्रकात न लिहिताही ५० घेतात, म्हणून एकदा सरळ लावून बघावं. लागलं तर काही बदलू नका. हा टीव्ही घेत नव्हता.

उपाय म्हणजे बॉक्सला ६० वर न्यायचं. पण बॉक्सचा मेन्यू दिसायलाच टीव्ही हवा, आणि टीव्ही काळा आहे. सगळ्यात सोपं म्हणजे बॉक्स परत जुन्या टीव्हीला एव्ही वायरनं जोडायचा, म्हणजे पिवळी, पांढरी आणि लाल. मेन्यूत `System Setup` मध्ये `TV System` किंवा `Video Resolution` अशी ओळ असते. तिथं `720p 60Hz` निवडायचं. कुठल्या कुठल्या बॉक्सवर `Auto` असतं, तो टीव्हीला विचारून ठरवतो, पण स्वस्त बॉक्स नीट विचारत नाहीत, तेव्हा हातानंच ठेवा. ठेवल्यावर `OK` दाबून मेन्यूतून पूर्ण बाहेर या, मग बॉक्स बंद करा. घाईत वीज काढली तर सेटिंग जपलं जात नाही आणि नव्या टीव्हीवर परत तोच काळा पडदा.

दुसरा टीव्ही जवळ नसेल तर रिमोटवर `V.Format` किंवा `RES` असं बटण शोधा. ते दाबलं की मेन्यूशिवायच रिझोल्यूशन एकेक पायरी पुढं जातं. एकदा दाबून पाच-सहा सेकंद थांबायचं, कारण टीव्हीला नवा सिग्नल ओळखायला वेळ लागतो. भराभर दाबत गेलात तर चालणारी पायरी हातून निघून जाते. चित्र आलं की लगेच `OK`, नाहीतर काही बॉक्स दहा-पंधरा सेकंदांत आपणहून जुन्या जागी परततात.

नव्या टीव्हीला एव्ही वायरनं जोडण्याचा प्रयत्न घरच्यांनी आधी केला होता आणि काळंपांढरं, उडणारं चित्र पाहून सोडून दिला होता. ते बरोबरच दिसत होतं. एव्हीतून बॉक्स पाल सोडतो आणि हा टीव्ही एनटीएससीच समजतो. `TV System` मध्ये `NTSC` ठेवलं असतं तर रंग आला असता, पण एचडीएमआय असताना एव्हीकडं कशाला जायचं.

६० वर चित्र आलं, आवाज नव्हता. हेही नेहमीचं आहे. बॉक्सच्या ऑडिओत `RAW` किंवा `Bitstream` असेल तर ते `PCM` करायचं. झालं.

मग क्रिकेट लावल्यावर मुलगा म्हणाला, "बॉल अटकत अटकत जाते." त्याचं बरोबर होतं आणि ते पूर्ण जात नाही. येतात सेकंदाला ५०, टीव्हीला हव्यात ६०, म्हणून बॉक्स दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवतो. सेकंदाला दहा वेळा एक बारीक धक्का बसतो. मालिकेत, भजनात, बातम्या देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो कळत नाही. खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीवर आणि चेंडूवर कळतो. टीव्हीतलं `Motion` नावाचं सेटिंग वाढवून थोडं गुळगुळीत दिसतं, पण कडा विचित्र होतात. आम्ही ते बंदच ठेवलं. ज्या घरी क्रिकेट हेच टीव्हीचं कारण आहे तिथं हे आधी सांगून ठेवावं.

पैसे देऊन घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्समध्ये बहुतेकदा ६० चा पर्यायच नसतो. या घरी आतल्या खोलीत तसा एक होता, आणि म्हातारबांना तोच हवा होता. तिथं दोन मार्ग. महागडा म्हणजे ५० घेऊन ६० देणारा एचडीएमआय स्केलर. घेताना तो फ्रेम रेट बदलतो असं स्पष्ट लिहिलेलं पाहा, कारण नुसता स्प्लिटर किंवा एक्स्टेंडर आलं ते पुढं ढकलतो. स्वस्त म्हणजे एचडीएमआयवरून एव्ही करणारी छोटी डबी. पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळते, तिच्या अंगावर `PAL` आणि `NTSC` असं सरकतं बटण असतं. ते `NTSC` वर ठेवलं की ती ५० चं ६० करून देते. चित्र जुन्या एव्हीच्या दर्जाचं होतं, अक्षरं थोडी पुसट. डबीला मोबाइल चार्जरची ५ व्होल्ट वीज द्यावी लागते, बॉक्सच्या यूएसबीतून दिली तर काही वेळा कमी पडते आणि चित्र मधूनच जातं. संरक्षित चॅनलांवर एखादी डबी काळी पडते, म्हणून दुकानातून बदलून मिळेल अशा बोलीवरच घ्यावी. म्हातारबांसाठी डबी लावली, त्यांना अक्षरं पुसट वाटली नाहीत.

आखातातून आलेल्या टीव्हीचं प्रकरण बरंच सोपं असतं. दुबई, सौदीकडचा टीव्ही २२० ते २४० व्होल्टचा, पाल समजणारा, ५० हर्ट्झ घेणारा. त्यातल्या काहींच्या मागं दुसरं स्क्रूचं सॉकेट असतं आणि मेन्यूत `Satellite` असतं. म्हणजे आत उपग्रहाचा ट्यूनर आहे. फ्री डिशची वायर सरळ त्यात लावून, एनक्रिप्ट नसलेली चॅनलं बॉक्सशिवाय बघता येतात. जपानचा टीव्ही मात्र अमेरिकेपेक्षा अवघड, तो १०० व्होल्टचा आणि ट्यूनर आयएसडीबी-टी, तोही आपल्याकडं निरुपयोगी.

शेवटी वाय-फाय राहिलं होतं. घरी राउटर होता, मोबाइलला मिळत होता, टीव्हीच्या यादीत मात्र नाव नाही. अमेरिकी उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर १ ते ११ याच वाहिन्या बघतात, आपल्याकडं १२ आणि १३ ही चालतात. राउटर `Auto` वर असताना १३ वर जाऊन बसला होता. राउटरच्या पानावर वाहिनी ६ ठेवली, टीव्हीला नाव दिसलं.

निघताना टीव्हीच्या पाठीमागे चिकटपट्टी लावून मार्करनं लिहून ठेवलं, म्हणजे पुढचा माणूस सुरुवातीपासून सुरू करणार नाही. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. इनपुट `HDMI 1`. बॉक्स `720p 60Hz`, आवाज `PCM`. बॉक्स फॅक्टरी रिसेट केला तर पडदा काळा होईल, तेव्हा जुन्या टीव्हीवर नेऊन परत ६० करावं. चॅनल स्कॅन करू नये.